१८०० जणांच्या ग्रुपमध्ये वाढदिवसाचे आपोआप मेसेज: "नको" म्हणणाऱ्याचं "नको" टिकलं पाहिजे

प्रश्न: आमचा माजी विद्यार्थ्यांचा मोठा ग्रुप आहे, साधारण १८०० मेंबर. मेंबरशिप फॉर्मवरून सगळ्यांच्या जन्मतारखा आणि लग्नाच्या तारखा एका शीटमध्ये उतरवल्यात. रोज सकाळी शुभेच्छा आपोआप जाव्यात असं करायचंय. ज्यांना नको असेल त्यांनी सांगावं, आम्ही नाव काढू, एवढं पुरे ना? आणि डेटाचं अजून काय बघावं लागेल?

उत्तर:

नाही पुरत. मेसेज पाठवायचा भाग एका संध्याकाळी होतो, कुणीही कोडिंग येणारा मेंबर करून देईल. ज्याला जायला नको त्याला खरंच जाणार नाही, आजही नाही आणि पुढच्या वर्षी नवीन शीट आल्यावरही नाही, हे सांभाळण्यातच सगळी मेहनत आहे आणि अशा योजना बहुतेक तिथेच फसतात.

आधी तुमच्या "ज्यांना नको त्यांनी सांगावं" याबद्दल. यातली अडचण अशी की माणसाला आपली तारीख तुमच्या यादीत आहे हे कळतं कधी, तर सकाळी ती १८०० लोकांसमोर लागल्यावर. तेव्हा तो नको म्हणाला तरी व्हायचं ते होऊन गेलेलं असतं, लोकांनी वाचलं, फोनमध्ये नोंदवूनही घेतलं. म्हणून मी दोन गोष्टी वेगळ्या धरतो. फक्त त्या माणसालाच जाणारी वैयक्तिक शुभेच्छा असेल तर आधी कळवून पाठवायला सुरुवात केली आणि नको म्हणाल्याक्षणी थांबलं, हे चालतं, त्यात तिसऱ्या कुणाला काही कळत नाही. सगळ्यांसमोर नाव घ्यायचं असेल तर मात्र आधी हो पाहिजे, आणि उत्तर न देणं म्हणजे नाही असंच धरायचं. शिवाय फॉर्म भरताना लोकांनी तारीख दिली होती ती मेंबरशिपसाठी. एका कामासाठी घेतलेली माहिती दुसऱ्या कामाला वापरायची तर परत विचारायचं, हे युरोपच्या २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर कायद्यातलं एक मूळ तत्त्व आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी साधी विचारायची गोष्ट आहे ती.

विचारताना हो किंवा नाही असं दोनच पर्यायांत विचारू नका. तीन द्या: सगळ्यांसमोर चालेल, फक्त मला वैयक्तिक पाठवा, काहीच नको. मधला पर्याय लोक विसरतात आणि भरपूर जणांना नेमका तोच हवा असतो, आठवण ठेवलेली आवडते पण दिवसभर शंभर लोकांना धन्यवाद लिहीत बसायचं नसतं. आणि लग्नाच्या वाढदिवसासाठी हाच प्रश्न वेगळा विचारा, वाढदिवसाला हो म्हणजे लग्नालाही हो असं गृहीत धरू नका. कारण विचारू नका. कुणाचा घटस्फोट चाललेला असतो, कुणाचं मूल त्याच तारखेला गेलेलं असतं, काही पंथांत वाढदिवस साजरा करतच नाहीत, कुणाला वय लपवायचं असतं, आणि कुणाला उगाचच नको असतं. "का नको" असा रकाना ठेवलात की निम्मे लोक नको म्हणायचंच टाळतात आणि उरलेल्यांची खाजगी दुखणी तुमच्या शीटमध्ये जमा होतात, जी सांभाळायची जबाबदारी मग तुमचीच.

आता तारखेचं. तुमच्या शीटमध्ये दिवस-महिना-वर्ष असं पूर्ण असणार. शुभेच्छेला वर्ष लागत नाही, तर शुभेच्छांच्या यादीत ते घेऊच नका. पूर्ण जन्मतारीख हा माणूस ओळखायचा फार पक्का धागा आहे. संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी २००० साली अमेरिकेच्या जनगणनेवरून दाखवलं होतं की पाच आकडी पिनकोड, लिंग आणि पूर्ण जन्मतारीख एवढ्या तीन गोष्टींवरून तिथली साधारण ८७ टक्के माणसं एकटी वेगळी काढता येतात. तुमच्याकडे तर नाव आणि मोबाईल नंबरही शेजारीच आहे. फोनवर "खातेदार तुम्हीच ना, जन्मतारीख सांगा" असं विचारून ओळख पटवणाऱ्या सेवा अजून खूप आहेत, त्यामुळे नाव, नंबर आणि पूर्ण तारीख ज्याच्या हाती लागली त्याचं अर्धं काम झालं.

यात माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपची एक खास मेख आहे. तुम्ही वर्ष नाही छापलं पण नावापुढे बॅच छापलीत, तर वर्ष जवळजवळ कळतंच. कुठल्या वर्षी शाळा सोडली त्यावरून जन्मसाल एकदोन वर्षांच्या फरकाने कुणीही काढतो. म्हणून शुभेच्छेच्या मेसेजमध्ये बॅच घालू नका, "पन्नाशीनिमित्त" असलं तर अजिबात नको. फक्त नाव, तेही त्याने स्वतः ग्रुपमध्ये जसं लावलंय तसं, कागदोपत्री असलेलं पूर्ण नाव नाही.

वर्षाशिवाय तारीख ठेवायची तर जुगाड करावा लागेल असं वाटत असेल, तर तसंही नाही. काँटॅक्ट साठवायचं जे व्हीकार्ड नावाचं जुनं स्टँडर्ड आहे त्याच्या चौथ्या आवृत्तीत, म्हणजे आरएफसी ६३५० या २०११ च्या इंटरनेट मानकांच्या दस्तऐवजात, वर्ष नसलेली तारीख लिहायची सोय आहे, १५ एप्रिल असेल तर अशी:

```
BDAY:--0415
```

तुम्हाला एवढंही करायची गरज नाही, दिवस आणि महिना असे दोन वेगळे आकडी रकाने केले तरी भागतं. उलट ते बरंच, कारण एकाच रकान्यात तारीख ठेवली की स्प्रेडशीट तिच्याशी खेळते. हा खेळ काय असतो ते सांगतो, कारण फॉर्मवरून उतरवलेल्या जवळपास प्रत्येक यादीत तो सापडतो. फॉर्मवर ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल लिहिलेलं असतं. ज्याच्या कॉम्प्युटरवर तारखेची सेटिंग महिना-आधी अशी असते त्याने फाईल उघडली की त्याची ४ मार्च होते. १७/०४ ला मात्र तसं करता येत नाही कारण सतरावा महिना नसतो, मग ती शीट त्याला तारीखच न समजता साधा मजकूर म्हणून तसंच सोडते. म्हणजे काही तारखा गुपचूप चुकलेल्या आणि काही बरोबर पण मजकूर झालेल्या. ओळखायचं कसं, तर रकाना रुंद करून बघा, डावीकडे चिकटलेले सगळे आकडे १३ ते ३१ दिवसांचे आणि उजवीकडे चिकटलेले सगळे १ ते १२ दिवसांचे असतील तर अदलाबदल झालीये हे नक्की. किती नुकसान होतं त्याचा हिशोबही सोपा आहे. दिवस १ ते १२ आणि महिने १ ते १२ अशा १४४ तारखा उलटू शकतात, त्यातल्या १/१, २/२ अशा १२ उलटूनही तशाच राहतात, उरल्या १३२. वर्षाच्या ३६५ पैकी १३२ म्हणजे ३६ टक्के, तुमच्या १८०० लोकांत साधारण साडेसहाशे जणांना चुकीच्या दिवशी शुभेच्छा.

दुसरी तपासणी, प्रत्येक तारखेला किती जण पडतात ते मोजा. १८०० भागिले ३६५ म्हणजे रोज सरासरी पाच. योगायोगाने एखाद्या दिवशी बारा-तेरा जण येतील, ते चालतं. पण १ जानेवारीला चाळीस जण निघाले तर ते चाळीस जण त्या दिवशी जन्मलेले नाहीत, फॉर्ममध्ये तारीख रिकामी होती किंवा माहीत नव्हती म्हणून कुणीतरी पहिली तारीख टाकून दिलीये. वीसच्या वर गेलेली कुठलीही तारीख मी सरळ बाजूला काढतो आणि त्या लोकांना तारीख परत विचारतो. तसंही तुम्ही सगळ्यांना पसंती विचारणारच आहात, तर तोच मेसेज वापरून तारीखही त्यांच्याकडूनच नव्याने घ्या, फक्त दिवस आणि महिना. मग जुन्या शीटची गरजच उरत नाही आणि वरची अर्धी भानगड आपोआप मिटते. माझा तर सल्ला हाच आहे, जुनी शीट साफ करत बसण्यापेक्षा नव्याने विचारा. उत्तरं कमी येतील. येऊ देत.

कमी आली तर बरंच आहे खरं तर. पूर्ण १८०० जणांचं घातलंत तर वर्षात एकही वाढदिवस नसलेले दिवस दोन-तीनच निघतात. प्रत्येकाच्या नावाखाली तीस जणांनी नुसतं हॅपी बर्थडे टाकलं तरी रोजचे दीडशे मेसेज, आठवड्याभरात निम्मा ग्रुप म्यूट करतो आणि मग कामाची सूचनाही कुणी वाचत नाही. त्याऐवजी समजा ६०० जणांनी सगळ्यांसमोर चालेल म्हटलं, तर रोज सरासरी दीडपावणेदोन नावं येतात आणि वर्षातले सत्तरेक दिवस रिकामे जातात. हे झेपण्यासारखं आहे. तरीही दिवसाचा एकच मेसेज करा, सगळी नावं एकत्र, आणि जमलं तर मुख्य ग्रुपमध्ये न टाकता वेगळ्या चॅनलवर, ज्यात लोक स्वतःहून येतील आणि स्वतःहून जातील.

आता मूळ मुद्दा, नको टिकवणं. बहुतेक ठिकाणी काय करतात, तर ज्याने नको म्हटलं त्याची ओळ शीटमधून उडवतात. वर्षभराने मेंबरशिपची नवी यादी येते, कुणीतरी ती जुन्यावर चिकटवतं, आणि तो माणूस परत यादीत. त्याला परत मेसेज जातो, आणि दुसऱ्यांदा गेलेला मेसेज पहिल्यापेक्षा जास्त चिडवतो कारण आता त्याने सांगितलेलं असतं. म्हणून उडवायचं नाही, नको हे लिहून ठेवायचं. तारखांचा तक्ता वेगळा, पसंतीचा तक्ता वेगळा, दोघांना जोडणारा मेंबर क्रमांक. नवी यादी आत घेणारं जे काही असेल त्याला पसंतीच्या तक्त्यात लिहायची परवानगीच द्यायची नाही. पसंती बदलू शकतो फक्त तो मेंबर, किंवा त्याच्या सांगण्यावरून एखादा अॅडमिन. आणि पसंतीच्या तक्त्यात ज्याची ओळच नाही त्याला काहीच पाठवायचं नाही. हा शेवटचा नियम सगळ्यात महत्त्वाचा, कारण कुठेही काही तुटलं, फाईल अर्धी आली, क्रमांक जुळला नाही, तरी चूक न पाठवण्याच्या बाजूला होते.

मेंबर क्रमांकच घ्या, मोबाईल नंबर नको. नंबर बदलतो, आणि बंद झालेला नंबर कंपनी काही काळाने दुसऱ्याला देते, मग एकाचं नको दुसऱ्याला लागतं आणि याला परत मेसेज सुरू. काही जण म्हणतील आम्ही नंबर हॅश करून, म्हणजे गणिताने दुसऱ्याच अक्षरांत बदलून ठेवतो, त्यामुळे कुणाला कळत नाही. दहा आकडी नंबरच्या एकूण शक्यता एक हजार कोटी, साधा हॅश असेल तर साध्या कॉम्प्युटरवर त्या सगळ्या करून बघता येतात, त्यामुळे त्याला लपवणं म्हणू नका.

मग कुणी विचारेल, ज्याने काहीच नको म्हटलंय त्याचं काहीतरी तरी का ठेवायचं? एवढ्यासाठीच की नको आहे हे लक्षात राहावं. त्याची तारीख उडवा, दिवस उडवा, महिना उडवा, फक्त क्रमांक आणि "नको" एवढंच राहू द्या. आणि हे त्याला सांगा सुद्धा, एका ओळीत. ज्यांनी उत्तरच दिलं नाही त्यांच्या तारखाही दोनेक महिने वाट बघून शुभेच्छांच्या यादीतून काढून टाका, वापरायच्या नाहीत तर ठेवायच्या कशाला.

नको म्हणायची पद्धत इतकी सोपी पाहिजे की माणूस वैतागलेला असतानाही करू शकेल. प्रत्येक वैयक्तिक मेसेजच्या खाली "नको असल्यास नको असं लिहा". आणि उत्तर नुसतं "नको" एवढंच येईल असं समजू नका, नका पाठवू, बंद करा, स्टॉप, प्लीज थांबवा, असं काहीही येतं. शब्द ओळखता आला नाही तर ते उत्तर माणसासमोर गेलं पाहिजे, हवेत विरलं नाही पाहिजे. पुन्हा विचारू नका की नक्की ना. थांबवलं, एवढं एक उत्तर पाठवा आणि विषय संपवा. ईमेलने पाठवत असाल तर २०१७ चं आरएफसी ८०५८ एका क्लिकमध्ये बंद करायची सोय देतं, मेसेजच्या हेडरमध्ये या दोन ओळी लागतात, पत्ता तुमचा घाला:

```
List-Unsubscribe: <https://example.org/u/TOKEN>
List-Unsubscribe-Post: List-Unsubscribe=One-Click
```

यात टोकनच्या जागी मेंबर क्रमांक सरळ टाकू नका, नाहीतर कुणीही आकडा बदलून दुसऱ्याचं बंद करेल. लांबलचक, अंदाज न येणारं काहीतरी ठेवा.

लग्नाच्या वाढदिवसाचं प्रकरण यापेक्षा नाजूक आहे. तारीख दोघांची असते आणि तुमचा मेंबर बहुतेक वेळा त्यातला एकच असतो, दुसऱ्याला तर कुणी विचारलेलंच नसतं. म्हणून सगळ्यांसमोर मेसेज टाकताना जोडीदाराचं नाव घालू नका, आणि दोघंही मेंबर असतील तर दोघांचा हो पाहिजे, एकाने नको म्हटलं की दोघांनाही नको. वेगळे झालेले लोक ग्रुपला कळवायला येत नाहीत, त्यामुळे इथे मी दरवर्षी परत विचारतो. तारखेच्या महिनाभर आधी त्या मेंबरला वैयक्तिक मेसेज, यंदा पाठवायचा का. उत्तर नाही आलं तर त्या वर्षी जात नाही. जरा किचकट वाटेल, पण वाढदिवस बदलत नाही, लग्न बदलतं. स्पष्टच सांगायचं तर १८०० जणांच्या ग्रुपमध्ये लग्नाचे वाढदिवस सार्वजनिक करूच नयेत असं माझं मत आहे, वैयक्तिक मेसेज पुरे. मुलांचे वाढदिवस घालायची मागणी पण कुणीतरी करेलच, त्याला सरळ नाही म्हणा. लहान मुलाचं नाव आणि जन्मतारीख एवढ्या लोकांसमोर ठेवायचं काहीच कारण नाही.

आणि गेलेल्या माणसाला वाढदिवसाच्या शुभेच्छा जाणं, याहून वाईट काही घडू शकत नाही. घरचे लोक तो फोन बघत असतात. यासाठी दोन सोयी लागतात. एक, "थांबवा" असं एक बटण किंवा रकाना, जो कुठलाही अॅडमिन लगेच लावू शकतो, पुरावा न मागता, दुसऱ्याची मंजुरी न घेता. चुकून लागला तर काय बिघडलं, एक शुभेच्छा गेली नाही. लावताना मात्र त्या मेंबरचा वाढदिवस आणि त्याच्याशी जोडलेला लग्नाचा वाढदिवस दोन्ही एकदम थांबले पाहिजेत, जोडीदार मेंबर असेल तर त्याच्याकडचाही. दोन, आदल्या संध्याकाळी उद्याची यादी तीन-चार माणसांकडे जायला हवी, वेगवेगळ्या बॅचमधल्या. सगळं आपोआप करायचं होतं ना मग माणसं कशाला, असं विचाराल, पण "हा मागच्या महिन्यात गेला रे" हे कुठल्याही शीटला माहीत नसतं.

एक दिवस कसा जातो ते सांगतो म्हणजे नीट डोळ्यासमोर येईल. समजा उद्या १५ एप्रिल. संध्याकाळी सहाला प्रोग्रॅम बघतो, या तारखेचे सहा मेंबर आहेत. त्यातल्या दोघांची पसंती नोंदलेलीच नाही, ते तिथेच गळाले. उरले चार, तीन सगळ्यांसमोर, एक वैयक्तिक. ही चार नावं तपासणाऱ्यांकडे जातात. रात्री आठला एकजण कळवतो की यातल्या एकाच्या घरी परवाच दुःखद घटना झालीये, आत्ता नको. त्याला या वर्षापुरतं थांबवलं. उरले सार्वजनिक दोन आणि वैयक्तिक एक. रात्री अकराला सार्वजनिकमधल्या एकाने स्वतःच पसंती बदलून वैयक्तिक केली. सकाळी आठला काय जायला पाहिजे, तर सार्वजनिक एक नाव आणि वैयक्तिक दोन. पण जर प्रोग्रॅम संध्याकाळी बनवलेलीच यादी सकाळी पाठवत असेल तर रात्री अकराचा बदल त्याला कळणारच नाही. म्हणून संध्याकाळची यादी फक्त बघण्यासाठी, आणि पाठवायच्या क्षणी पसंती आणि थांबवा हे दोन्ही परत वाचायचे. ही चूक मी खूप ठिकाणी बघितलीये, आणि ती चाचणीत सापडत नाही कारण चाचणी घेताना कुणी मध्ये पसंती बदलत नाही. मुद्दाम बदलून बघा.

प्रोग्रॅम दोनदा चालणं ही दुसरी नेहमीची भानगड. सर्व्हर रिस्टार्ट झाला, कुणी हाताने चालवून बघितला, आणि मेसेज दोनदा गेला. त्यासाठी गेलेल्या मेसेजची नोंद ठेवा आणि एका मेंबरला एका प्रकारचा मेसेज एका वर्षात एकदाच, हे डेटाबेसलाच सांभाळू द्या:

```sql
CREATE TABLE sent (
  member_id INTEGER NOT NULL,
  kind      TEXT NOT NULL,
  year      INTEGER NOT NULL,
  UNIQUE (member_id, kind, year)
);
```

आधी इथे नोंद करायची, ती झाली तरच मेसेज पाठवायचा. नोंद नाकारली गेली म्हणजे आधीच गेलाय, गप्प बसायचं. यात नोंद झाल्यावर मध्येच बंद पडलं तर एखादी शुभेच्छा राहील, पण ती हाताने टाकता येते. या तक्त्यात मेसेजचा मजकूर ठेवू नका, आणि वर्ष सरलं की जुन्या ओळी उडवा, नाहीतर इथेच एक नवी जन्मतारखांची यादी तयार होते जिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. बॅकअपचंही तेच, मूळ तक्त्यातून उडवलेली तारीख बॅकअपमध्ये वर्षानुवर्षं पडून राहते, म्हणून जुने बॅकअप किती दिवसांनी जातील हे ठरवून ठेवा. आणि बॅकअप परत चढवलात तर पाठवणं बंद ठेवून आधी त्यानंतर आलेले सगळे नको परत लावा.

२९ फेब्रुवारीवाल्यांना विसरू नका. दिवस-महिना जुळवून बघणारा प्रोग्रॅम त्यांना चार वर्षांतून एकदाच मेसेज पाठवतो, पुढचा थेट २०२८ ला. १८०० मध्ये असे एक-दोनच असतील, त्यांनाच विचारा २८ फेब्रुवारी हवी की १ मार्च, दोन्ही मानणारे लोक असतात. काही न सांगितल्यास २८ ला धरायचं असेल तर एवढं पुरतं:

```python
from calendar import isleap

def match_days(d):
    days = [(d.month, d.day)]
    if (d.month, d.day) == (2, 28) and not isleap(d.year):
        days.append((2, 29))
    return days
```

वेळेबद्दल एकच. सर्व्हरची वेळ बहुतेकदा यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते आणि तुमचे मेंबर जगभर पसरलेले असतील, तर कुणासाठी तो दिवस सुरू व्हायचा असतो तर कुणाचा संपत आलेला. प्रत्येकाचा टाइमझोन गोळा करायच्या भानगडीत पडू नका, तो म्हणजे माणूस कुठे राहतो याची अजून एक माहिती गोळा करणं झालं. ग्रुपची एक वेळ ठरवा, ती जाहीर करा, कुणाला अर्धा दिवस इकडेतिकडे झालं तरी बिघडत नाही.

टूल निवडताना ते काय काय वाचू शकतं हे बघा. कित्येक फुकट बर्थडे बॉट ग्रुपमधला प्रत्येक मेसेज वाचायची आणि सगळी मेंबर यादी घ्यायची परवानगी मागतात. दिवसातून एक मेसेज टाकायला यातलं काहीच लागत नाही, फक्त लिहायची परवानगी पुरते. आणि जी टूल्स तुमच्या स्वतःच्या अकाउंटने लॉगिन करून मेसेज ढकलतात ती टाळाच, त्यांना तुमची सगळी खाजगी चॅट दिसते, वर अॅपच्या नियमात ते बसत नसेल तर तुमचा नंबर बंद पडतो तो वेगळाच. शीटसुद्धा "लिंक असलेल्या कुणालाही दिसेल" अशी शेअर केलेली नाही ना ते आज बघा, जुन्या कमिटीतल्या लोकांचे अॅक्सेस चालू असतात ते काढा.

शेवटी ग्रुपमधलं एक, जे प्रोग्रॅमने सुटत नाही. ज्याने नको म्हटलंय त्याचा वाढदिवस एखाद्या जवळच्या मित्राला माहीत असतो आणि तो हौसेने ग्रुपमध्ये टाकतो, किंवा कुणीतरी विचारतं की अमक्याचं नाव कसं काय नाही आलं. अॅडमिनने तिथे "त्यांनी नको सांगितलंय" असं उत्तर देऊ नये, कारण नको म्हणणं हीसुद्धा त्या माणसाची खाजगी गोष्ट आहे. यादी ऐच्छिक आहे, ज्यांनी नोंद केली त्यांचीच नावं येतात, एवढं एक ठरलेलं उत्तर सगळ्या अॅडमिनना देऊन ठेवा. कोण नको म्हणालं ते अॅडमिनमध्येही सगळ्यांना दिसायची गरज नाही, तपासणाऱ्यांना फक्त उद्या ज्यांना जाणार आहे तेवढीच नावं दिसली की बास.

सुरुवात करताना पहिला महिना फक्त वैयक्तिक मेसेज चालू करा, सार्वजनिक बंद. किती जण नको म्हणतात, किती तारखा चुकीच्या निघतात आणि किती नंबर भलत्याच माणसाचे निघतात हे त्या महिन्यात कळेल, आणि ते सगळं एकेका माणसापुरतंच राहील.